नाकाशेजारचे पापुद्रे: कोरडेपणा की सेबोऱ्हिक डर्मटायटिस?

नाकपुडीच्या कडेची खाच, तिथून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी, भुवयांची मुळे आणि दोन भुवयांच्या मधली जागा. चेहऱ्याच्या नेमक्या याच भागात त्वचा लालसर होऊन पापुद्रे सुटू लागले, तर बहुतेक घरांत निदान एकच होते: त्वचा कोरडी पडली आहे, तेल लावा. अनेकदा हे निदान चुकीचे असते. हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस नावाचा त्वचेचा दाह असण्याची शक्यता जास्त असते, आणि तेलाने तो कमी होण्याऐवजी चिघळू शकतो.

दोन्ही त्रासांतला फरक ओळखण्यासाठी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे जागा. त्वचेतल्या तैलग्रंथी शरीरभर सारख्या पसरलेल्या नसतात. टाळू, कपाळ, भुवया, नाकाच्या दोन्ही बाजू, कानामागचा भाग आणि छातीचा मध्यभाग इथे त्या दाट असतात; नडग्यांवर आणि हातांवर विरळ. कोरडेपणा साहजिकच जिथे तेल कमी तिथे आधी दिसतो. नडग्या पांढुरक्या होतात, चेहऱ्यावर गाल ओढल्यासारखे वाटतात. सेबोऱ्हिक डर्मटायटिस मात्र तेल भरपूर असलेल्या जागाच धरतो. नाकाच्या बाजूची त्वचा बोटाला तेलकट लागते आणि तिथेच पापुद्रेही सुटतात, हा विरोधाभास वाटतो. पण हेच या विकाराचे वैशिष्ट्य आहे.

याचे मूळ मलासेझिया नावाच्या यीस्टमध्ये, म्हणजे एका सूक्ष्म बुरशीत आहे. ही बुरशी जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या त्वचेवर असते. तिला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती त्वचेच्या तेलावर जगते. तिची विकरे तेलाचे विघटन करतात. त्यातून सुटणाऱ्या मेदाम्लांपैकी काही ती वापरते, आणि ओलेइक आम्लासारखी काही त्वचेवर उरतात. अनेकांच्या त्वचेला याचा काहीच त्रास होत नाही. ज्यांची त्वचा या उरलेल्या घटकांना संवेदनशील असते, त्यांच्यात दाह सुरू होतो, वरच्या थरातल्या पेशी घाईने तयार होतात आणि पुरत्या पक्व न होताच झडतात. तेच पापुद्रे. डोक्यातला कोंडा हे याच विकाराचे सौम्य रूप आहे, म्हणून भुवयांत खपल्या दिसल्या की टाळूही तपासावी. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही. तो लपवण्यासाठी चेहरा पुन्हा पुन्हा घासून धुणारे लोक विनाकारण स्वतःची त्वचा सोलून घेतात.

दिवसाच्या उजेडात आरशाजवळ उभे राहून पाहिले, तर पापुद्र्यांतला फरकही कळतो. कोरड्या त्वचेचा कोंडा बारीक, पांढरा आणि पिठासारखा असतो; बोट फिरवताच उडून जातो. सेबोऱ्हिक डर्मटायटिसची खपली पिवळसर, काहीशी ओशट आणि त्वचेला चिकटलेली असते, आणि तिच्याखाली लालसर पट्टा असतो. त्याची कड बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. सावळ्या त्वचेवर लाली तितकी उठून दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा फिकट डाग दिसतात आणि घरच्यांना कोडाची शंका येते. कोडाचे डाग सहसा दुधासारखे पांढरे असतात आणि त्यांवर खपली नसते. सेबोऱ्हिक डर्मटायटिसचे फिकट डाग दाह शमल्यावर हळूहळू मूळ रंगावर येतात.

पस्तिशीतल्या एखाद्या पुरुषाचे नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. डिसेंबरात थंडी वाढते, कामाचा ताण असतो, झोप अपुरी असते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना सालपटे दिसू लागतात. तो रात्री खोबरेल तेल लावतो. सकाळी पापुद्रे दबलेले असतात, त्वचा मऊ लागते, म्हणजे उपाय लागू पडला असे वाटते. दुपारपर्यंत लाली परत येते. दोन आठवड्यांत भुवयाही खाजू लागतात. तेलाने पापुद्रे फक्त चिकटून बसले होते. बुरशीला मात्र वापरता येतील अशी आणखी मेदाम्ले मिळाली. त्वचा नुसती कोरडी असती, तर आंघोळीनंतर लगेच साधे मॉइश्चरायझर लावून साधारण आठवडाभरात फरक दिसला असता आणि टिकलाही असता. थंडीत दोन्ही त्रास वाढतात, त्यामुळे केवळ ऋतूवरून निदान करता येत नाही.

उपचाराचा रोख बुरशी कमी करण्यावर असतो. चेहऱ्यासाठी सहसा २ टक्के किटोकोनॅझोलची मलई दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावतात. टाळू, भुवया किंवा दाढीत खपल्या असतील तर याच औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरतात. तो डोळ्यांत जाऊ न देता तीन ते पाच मिनिटे ठेवून मग धुवायचा असतो. लावताच धुऊन टाकल्यामुळे तो अनेकांच्या बाबतीत निकामी ठरतो. चेहऱ्यावर तेलाऐवजी ग्लिसरीन असलेले, खाद्यतेलविरहित हलके मॉइश्चरायझर चालते. बुरशी त्वचेवरून कायमची जात नाही, म्हणून आजारही परत येतो. एकदा आटोक्यात आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा शाम्पू चालू ठेवणे हे पुढचा झटका आल्यावर धावपळ करण्यापेक्षा शहाणपणाचे.

खरा धोका भलत्याच औषधात आहे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या 'खाज-खरजेच्या' मलईत अनेकदा बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. दोन दिवसांत लाली जाते, कारण स्टेरॉइड दाह दाबते. मलई थांबवली की ती दुपटीने उसळते, माणूस पुन्हा तीच लावतो. काही महिन्यांत चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठते आणि ऊन सोसवत नाही. डॉक्टरही तीव्र दाहात कधी सौम्य स्टेरॉइड देतात, पण ते मोजके दिवसच. मलई विकत घेण्यापूर्वी नळीवरचे घटक वाचावेत आणि क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन ही नावे दिसली, तर ती स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावू नये.

काही वेळा नाकाशेजारची लाली वेगळ्याच आजाराची असते. ल्यूपसमध्ये गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली येते, पण नाकाच्या बाजूच्या घड्या बहुधा मोकळ्या राहतात. सेबोऱ्हिक डर्मटायटिस नेमका त्या घड्यांतच असतो. कोपर-गुडघ्यांवर जाड चंदेरी खपल्या असतील, तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. विकार अचानक आणि फार तीव्र झाला, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात, आणि पार्किन्सनच्या रुग्णांत तो अधिक आढळतो. योग्य औषध नियमित वापरूनही चार आठवड्यांत फरक पडला नाही, लाली सांधेदुखी किंवा तापासह आली, किंवा पापण्या सुजून पाणी येऊ लागले, तर घरगुती प्रयोग थांबवून त्वचातज्ज्ञांना दाखवावे आणि आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या मलयांच्या नळ्या सोबत न्याव्यात.