ताबा उशिरा मिळाला, मधल्या काळातले घरभाडे बिल्डरकडून मागता येते का?

आमच्या शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेने आणि त्यांच्या शौहरने एप्रिल २०२२ मध्ये कोंढव्यात टू बीएचके फ्लॅट बुक केला. किंमत ४८ लाख. नोंदणी केलेल्या करारनाम्यात ताब्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. त्या तारखेपर्यंत त्यांनी बँकेचे कर्ज आणि स्वतःची बचत मिळून ४२ लाख रुपये भरले होते. घर मात्र तयार नव्हते. कर्जाचा हप्ता चालू आणि वर दरमहा १६ हजार रुपये भाडे. ओसीसह ताबा मिळाला जून २०२५ च्या अखेरीस, म्हणजे पूर्ण १८ महिने उशिरा. चावी देताना बिल्डरच्या ऑफिसात एक कागद पुढे करण्यात आला: “उशिराबद्दल आमची काहीही तक्रार नाही.”

बाजींनी आम्हाला विचारले, “सर, सही करू का? आणि आमचं भाडं तरी मिळेल का?” हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आपण नीट समजून घेऊ.

आधी तारीख शोधा

सगळे प्रकरण एका कलमावर उभे असते. करारनाम्यात ‘ताबा’ किंवा ‘पझेशन’ या मथळ्याखाली बिल्डर अमुक तारखेला किंवा त्यापूर्वी ताबा देईल असे वाक्य असते. त्याच्या खाली बहुधा सवलतीचे पोटकलम असते: युद्ध, नैसर्गिक आपत्ती, किंवा सरकारचा अथवा कोर्टाचा आदेश यामुळे काम थांबले तर मुदत वाढेल. बिल्डर उत्तरात याच पोटकलमावर बोट ठेवतो. तेव्हा त्याला लेखी विचारायचे: कोणता आदेश, किती तारखेचा, आणि त्यामुळे काम किती दिवस बंद होते? मजूर मिळाले नाहीत, सिमेंट महागले, पैसे अडकले ही कारणे त्यात बसत नाहीत.

दुसरी गफलत महारेराच्या संकेतस्थळामुळे होते. तिथे प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख वाढवलेली दिसते आणि लोक समजतात की आता आपला हक्क गेला. तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात स्पष्ट केले की उशीर मोजायचा तो खरेदीदाराशी केलेल्या करारातल्या तारखेपासून. बिल्डरने महारेराकडे नवी तारीख नोंदवली म्हणून करार बदलत नाही.

पुण्याचेच एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मार्व्हल ओमेगा बिल्डर्सच्या प्रकल्पातल्या व्हिलाचा ताबा करारानुसार ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत द्यायचा होता. जुलै २०१९ मध्ये निकाल लागला तेव्हा बिल्डरचे म्हणणे होते की व्हिला आता तयार आहे. न्यायालयाने जवळपास पाच वर्षांचा उशीर महत्त्वाचा मानला आणि खरेदीदाराला पैसे परत करण्याचा आदेश कायम ठेवला.

ताबा म्हणजे फक्त चावी नाही

बाजींना फेब्रुवारी २०२५ मध्येच फोन आला होता, “फर्निचरच्या कामासाठी ताबा घेऊन टाका.” तेव्हा ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आलेले नव्हते. ते महापालिका किंवा पीएमआरडीए देते आणि त्याशिवाय इमारतीत राहायला जाणे कायदेशीर नसते. म्हणून उशिराचे महिने ओसीसह ताबा देऊ केला त्या दिवसापर्यंत मोजायचे. त्यांनी फेब्रुवारीत सही केली असती तर बिल्डरने पुढचे चार महिने हिशोबातून सहज वगळले असते.

कायदा भाडे म्हणत नाही, व्याज म्हणतो

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. रेरा कायदा २०१६ च्या कलम १८ मध्ये दोन रस्ते आहेत. घर नको असेल तर भरलेले पैसे व्याजासह परत आणि नुकसानभरपाई. घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज. महाराष्ट्रात हा दर आहे स्टेट बँकेचा सर्वात वरचा एमसीएलआर अधिक २ टक्के. हिशोबासाठी आपण ११ टक्के धरू. तक्रार करताना त्या दिवसाचा दर बघून घ्यावा.

बाजींच्या ४२ लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाला ४ लाख ६२ हजार होतात, म्हणजे महिन्याला ३८,५००. १८ महिन्यांचे ६ लाख ९३ हजार. भाड्याचा हिशोब वेगळा: १६ हजार गुणिले १८ म्हणजे २ लाख ८८ हजार. मधे घर बदलावे लागले, त्याची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली धरली तर ३ लाख ४ हजार. करारातल्या तारखेच्या आधी भरलेले भाडे यात येत नाही, कारण ते उशिरामुळे भरलेले नाही.

मग दोन्ही मागावेत का? अर्जात लिहिता येते, पण दोन्ही मिळतील अशी आशा धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये डीएलएफच्या पंचकुला प्रकरणात सांगितले की एकाच उशिरासाठी निरनिराळ्या नावांखाली पुन्हा पुन्हा भरपाई देता येत नाही. नुकसानभरपाई म्हणून व्याज दिले की भाड्याचे नुकसान त्यातच आले असे धरले जाते.

“सर, आम्हाला सूद नको”

बाजींचे शौहर म्हणाले, “सूद आम्हाला नको. खिशातून गेलं तेवढं भाडं मिळालं तरी बस.” कलम १८ मधले व्याज दीनच्या दृष्टीने कसे बघायचे हे सांगण्याची आमची पात्रता नाही. ते आपल्या भरवशाच्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, आणि विचारताना ही रक्कम कर्जावरची कमाई नसून उशिराबद्दल ठरवलेली भरपाई आहे, हे पूर्ण सांगावे. कायद्याच्या बाजूने आम्ही इतके सांगू शकतो की मिळू शकते तेवढे सगळे मागितलेच पाहिजे, अशी सक्ती नाही.

पण मग दरवाजा नीट निवडावा लागतो. घर ठेवणाऱ्या खरेदीदाराला महारेरा प्राधिकरण नियमातल्या दराने व्याजच देते. नुकसानभरपाईचा अर्ज तिथे न्यायनिर्णय अधिकाऱ्यासमोर वेगळा जातो, आणि घर ठेवणाऱ्याचा हक्क व्याजापुरताच आहे असा आक्षेप बिल्डर तिथे घेतो. याउलट ग्राहक आयोगासमोर सेवेतल्या त्रुटीमुळे झालेले प्रत्यक्ष नुकसान मांडता येते. तिथे “१ जानेवारी २०२४ ते ३० जून २०२५ या काळातले घरभाडे आणि दलाली मिळून ३,०४,००० रुपये” अशी सरळ मागणी लिहिता येते. आयोग स्वतःहून ठराविक टक्क्यांनी भरपाई ठरवू शकतो, म्हणून आपल्याला फक्त प्रत्यक्ष खर्च हवा आहे हे अर्जातच स्पष्ट लिहावे.

रेरा असताना ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पिरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात मान्य केले आहे. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नये. घरासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. २० ते ५० लाखांच्या टप्प्याला फी १,००० रुपये आहे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ताबा मिळालेला नसेल तोवर कारण चालूच राहते असे न्यायालये मानतात, पण ताबा मिळाल्यावर घड्याळ सुरू झाले असे समजून चालावे.

भाडे सिद्ध कसे करायचे

खरी अडचण इथेच येते. आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडे तोंडी बोलीवर राहायची आणि भाडे रोखीने द्यायची सवय आहे. आयोगासमोर असे भाडे सिद्ध करणे फार कठीण जाते. नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार आणि दरमहा बँकेतून किंवा यूपीआयने गेलेले पैसे, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी तशीही सक्तीची आहे. बाजींचा पहिला ११ महिन्यांचा करार नोंदलेला होता, दुसरा साध्या स्टँप पेपरवर. दुसऱ्यासाठी आता बँकेचे विवरण आणि घरमालकाचे प्रतिज्ञापत्र यांवर भिस्त आहे.

आपले हप्तेही तपासावेत. मागणीपत्र आल्यावर आपणच तीन-चार महिने पैसे थकवले असतील तर बिल्डर उशिराचे खापर आपल्यावर फोडतो. प्रत्येक मागणीपत्र आणि पावती तारखेप्रमाणे लावून ठेवली तर याला उत्तर देता येते.

त्या कागदाचे काय?

“तक्रार नाही” या कागदावर सही करू नये. चावी अडवली जात असेल तर त्याच दिवशी ईमेल पाठवावा: “ताबा घेत आहोत, पण करारातल्या तारखेपासून झालेल्या उशिराच्या भरपाईचा हक्क राखून ठेवत आहोत.” ज्यांनी आधीच सही केली त्यांचे सगळे संपले असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बंगळुरूच्या डीएलएफ सदर्न होम्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घर नावावर करून घ्यायचे की भरपाईचा हक्क ठेवायचा, अशा पेचात खरेदीदाराला टाकणे योग्य नाही. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. करारात उशिरासाठी चौरस फुटाला दरमहा पाच रुपये एवढाच दंड लिहिलेला होता. न्यायालयाने त्यावर न थांबता भरलेल्या रकमेवर वर्षाला ६ टक्के जास्तीची भरपाई दिली.

बाजींनी त्या कागदावर सही केली नाही. ईमेल पाठवला, तिसऱ्या दिवशी चावी मिळाली. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस गेली. त्यात करारातले ताब्याचे वाक्य जसेच्या तसे, ओसीची तारीख, १८ महिन्यांचा तक्ता आणि १५ दिवसांची मुदत. बिल्डरचे उत्तर आले, “सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये ५० हजार वळते करू.” त्यांनी ते नाकारले. जिल्हा आयोगात तक्रार दाखल झाली आहे आणि निकाल यायचा आहे. दुसऱ्या ११ महिन्यांचे भाडे पूर्ण मान्य होईल की नाही हे त्या साध्या स्टँप पेपरवर अडून राहिले आहे. ताब्याची तारीख ओलांडून गेलेल्या आणि आज भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांनी निदान पुढचा भाडेकरार तरी नोंदवून घ्यावा.