निविदेनंतरचा खुलासा

निविदा हातची गेल्यावर खरेदीदार संस्थेकडून मिळणारा खुलासा (डीब्रीफिंग) म्हणजे निर्णयाविरुद्धचे अपील, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो बोर्डाकडून मागवलेल्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसारखा असतो. गुण कुठे गेले ते कळते, पुनर्मूल्यांकनासाठी मात्र वेगळा अर्ज लागतो. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याच्या कामांत, स्थगिती कालावधी लागू असताना, निर्णयाची सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजी दिवसांत खुलासा मागितल्यास तो साधारणपणे पुढील 5 कामकाजी दिवसांत द्यावा लागतो; प्रतिस्पर्ध्याची गोपनीय माहिती त्यात मिळत नाही.

दुसरा गैरसमज दराचा: दर कमी ठेवला असता तर काम मिळाले असते, असा. गुणवत्तेला 80 आणि दराला 20 टक्के भार (वेटेज) असलेल्या सल्लागार निवडीत एका संस्थेला तांत्रिक 78 गुण मिळाले व तिचा दर 40 लाख होता, तर विजेतीचे गुण 90 व दर 50 लाख होता, असे समजू. सर्वांत कमी दराला 100 आणि त्या प्रमाणात दुसऱ्याला 80 गुण धरल्यास एकूण गुण अनुक्रमे 82.4 व 88 होतात. पहिलीने दर 35 लाखांवर आणला असता तरी विजेती 86 गुणांसह पुढेच राहिली असती.

म्हणून निकषवार गुणपत्रक आधी वाचावे. कार्यपद्धतीच्या 40 पैकी 26 गुण मिळाले असून शेऱ्यात ‘कार्यकक्षेची पुनरुक्ती’ असे म्हटले असेल, तर प्रस्तावात खरेदीदाराचाच मजकूर परत लिहिला गेला, असा त्याचा अर्थ होतो. पुढील प्रस्तावात प्रत्येक कामापुढे ते कोण, किती दिवसांत व कोणत्या पद्धतीने करणार हे लिहिणे, हीच त्यावरची नेमकी दुरुस्ती ठरते.