बॅलन्सचा कोड अडतो कुठे?

`*199#` टाइप करून हिरवं बटण दाबावं, पडद्यावर ‘USSD code running’ असं काहीतरी क्षणभर फिरावं आणि मग यावं: ‘Connection problem or invalid MMI code’. बॅलन्स राहिला बाजूला. अँड्रॉइड फोनवरचं हे वाक्य म्हणजे मोठी लबाडी आहे. ‘निरोप पोहोचलाच नाही’ आणि ‘पोहोचला, पण समजला नाही’ या दोन अगदी वेगळ्या तक्रारी त्यात एकत्र कोंबल्या आहेत. आपली तक्रार यातली कोणती, हे आपणच शोधायचं.

आधी हा कोड जातो कुठून ते पाहू. याला इंटरनेट लागत नाही. कॉल जोडण्यासाठी फोन आणि टॉवर यांची आपापसात जी कुजबुज चालते, त्याच वाटेने तो कंपनीच्या संगणकापर्यंत जातो आणि उत्तर घेऊन येतो. एसएमएस पोस्टातल्या पत्रासारखा; फोन बंद असला तरी तो थांबून राहतो आणि नंतर मिळतो. इथे तसं काही नाही. ही समोरासमोरची बोलाचाली आहे, त्यामुळे मध्ये रेंज गेली किंवा मेनूतला पर्याय निवडायला उशीर केला की संवाद तिथेच तुटतो. आधीचा संवाद अर्धवट लटकलेला असेल तर नवा कोडही कधी अडतो. विमान मोड चालू करून बंद केल्यावर काम होतं, ते फोन नव्याने टॉवरशी जोडला जातो म्हणून.

फोरजीने यात एक गुंता वाढवला. ही सोय टूजीच्या काळातली आहे. फोरजीवर असलेला फोन असा कोड पाठवताना बऱ्याच वेळा तात्पुरता जुन्या नेटवर्कवर उतरतो, काम उरकतो आणि पुन्हा वर येतो. आता कुणी वेग मिळावा म्हणून सेटिंगमध्ये ‘फक्त एलटीई’ निवडून ठेवलं असेल, तर उतरायची वाटच बंद. कॉल मात्र व्हीओएलटीईवर छान लागतात, म्हणून संशय येत नाही. जिओकडे तर टूजी-थ्रीजी मुळातच नाही. तिथे बॅलन्ससाठी माय जिओ ॲप किंवा 1299 वर कॉल हा रस्ता; कॉल आपोआप कटतो आणि माहिती एसएमएसने येते.

समजा, एका काकूंच्या फोनमध्ये दोन सिम आहेत: पहिलं जिओ, दुसरं व्हीआय. `*199#` हा व्हीआयचा कोड, पण कॉलसाठी ठरवलेलं सिम जिओचं. कोड गुपचूप जिओकडे जातो, तिथे तो कुणाला ठाऊक नाही, आणि काकूंना वाटतं व्हीआयचं नेटवर्क गेलं. अशा वेळी पहिली चाचणी `*#06#`. हा कोड फोनबाहेर जातच नाही; फोन स्वतःच आयएमईआय क्रमांक दाखवतो. तो दिसला की डायलर शाबूत आहे, हे नक्की. मग सेटिंगमध्ये कॉलचं सिम बदलून व्हीआय करायचं आणि `*199#` पुन्हा टाकायचा. तरी अडला, तर नेटवर्कचा प्रकार बदलून टूजी करायचा. आता उत्तर आलं तर दोष ‘फक्त एलटीई’चा. त्यावरही नाही आलं आणि त्याच सिमवरून कॉल लागतोय, तर बहुधा कोडच जुना किंवा त्या सिमला गैरलागू आहे. पोस्टपेड सिमवर प्रीपेडचा कोड चालवणारे कमी नाहीत.

कोड लिहिण्यातही गंमत होते. शेवटचा `#` राहिला तर फोन त्याला साधा कॉल समजतो आणि ‘नंबर चुकीचा आहे’ असं ऐकू येतं. काँटॅक्टमध्ये साठवलेल्या कोडमागे एखादं ॲप +91 चिकटवतं. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवून उघडलेला कोडही पुष्कळदा `#` गमावून बसतो, कारण लिंकच्या भाषेत `#` ला वेगळाच अर्थ आहे. लिंक बनवणाऱ्याने तो असा लिहायला हवा:

```
tel:*199%23
```

आयफोन तर * किंवा # असलेली लिंक डायलच करत नाही, आणि ते बरंच आहे. २०१२ मध्ये काही सॅमसंग फोन अशा लिंकमुळे नुसतं वेबपान उघडताच पुसले जाऊ शकतात, हे एका संशोधकाने दाखवून दिलं होतं.

काही कोड तर मुद्दाम बंद केलेले असतात. ‘तुमचं सिम बंद होणार आहे, `*401#` आणि हा नंबर डायल करा’ असं सांगून भामटे लोकांचे कॉल आपल्याकडे वळवून घेत आणि बँकेचा ओटीपी ऐकत. म्हणून दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. तो कोड चालला नाही, तर फोन दुरुस्तीला नेऊ नका.