‘कंपनी’ म्हणजे नेमकी कोण?

सोयाबीनच्या व्यापारात इंदूरचे नाव मोठे आहे. प्रक्रियादारांच्या संघटनेचे, सोपाचे, मुख्यालयही तिथेच आहे. समजा, इंदूरची एक कंपनी पुण्याच्या पशुखाद्य कंपनीला वर्षभर सोयापेंड पुरवणार आहे. करार तीस पानी. पहिल्या कलमात दोन व्याख्यित संज्ञा (करारापुरता अर्थ ठरवून दिलेले शब्द) येतात: इंदूरची कंपनी ‘विक्रेता’ आणि किमान 46 टक्के प्रथिनांची पेंड म्हणजे ‘माल’.

नवव्या कलमात, बहुधा जुन्या मसुद्यातून उचललेले, वाक्य येते: ‘वाहतूक खर्च कंपनी सोसेल.’ कोणती? कंपन्या तर दोन्ही आहेत! एकत्र कुटुंबात दोन काका असताना ‘काकांकडून पैसे घे’ म्हणण्यासारखेच हे.

तेच शब्द पुन्हापुन्हा नकोत, हा निबंधातला संस्कार इथे नडतो. पुढे ‘माल’ऐवजी ‘उत्पादन’ लिहिले, तर शब्द बदलला म्हणजे अर्थही वेगळा, असा युक्तिवाद करता येतो. मग 46 टक्क्यांची अट त्याला लागू आहे का, यावर वाद होतो. केवळ एवढ्याने करार रद्द होतो असे मात्र नाही. न्यायालय आधी संदर्भावरून अर्थ लावते.

तपासताना संगणकावर ‘विक्रेता’ शोधून भागत नाही, कारण ‘विक्रेत्याने’ निसटतो, ‘विक्रेत’ शोधावे. आणि सरसकट ‘माल’च्या जागी ‘सोयापेंड’ घातले, की गोदामाचा ‘मालक’ ‘सोयापेंडक’ होतो. प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालावीच लागते.