संकन स्लॅबची गळती: पाणी मुरते कुठे, अडवायचे कुठे

फ्लॅटमधील संडास-बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीच्या स्लॅबपेक्षा खाली सोडलेला असतो. बांधकामाच्या बोलीत त्याला ‘संकन स्लॅब’ म्हणतात. भारतीय पद्धतीचे भांडे, त्याखालचा ट्रॅप आणि सांडपाण्याचे आडवे पाइप उताराने नेण्यासाठी ही खोली लागते. भारतीय भांडे असेल तर ती दीड फुटांपर्यंत जाते, कमोड असेल तर पाऊण ते एक फुटात भागते. पाइप बसवून झाले की हा खड्डा विटांचे तुकडे, रेती किंवा साइटवरच्या राडारोड्याने भरला जातो, वर कोबा होतो आणि टाइल्स बसतात. पुढे त्या भरावात काय चालले आहे, हे कोणालाच दिसत नाही.

गळतीचे मूळ या भरावात असते. पाच फूट बाय सात फुटांच्या बाथरूमखाली एक फूट खोल खड्डा असेल, तर त्याचे आकारमान 35 घनफूट, म्हणजे साधारण 990 लिटर होते. विटांच्या तुकड्यांच्या भरावात एक तृतीयांश जागा पोकळ धरली, तर त्यात सव्वातीनशे लिटर पाणी मावते. टाइल्सच्या सांध्यांतून रोज एक लिटर पाणी झिरपले तरी खड्डा भरायला अकरा महिने लागतात. नव्या इमारतीत राहायला गेल्यानंतर पहिले वर्ष निर्धोक जाते आणि मग एकदम खालच्या मजल्याच्या छतावर पिवळसर डाग उमटतो, त्याचे एक कारण हेच. वापर बंद केला तरी ठिबकणे लगेच थांबत नाही, कारण आधी साठलेले पाणी निघत राहते. त्यामुळे ‘चार दिवस बाथरूम बंद ठेवले, तरी गळतेच आहे, म्हणजे पाणी आमचे नाही’ हा वरच्या घरमालकाचा युक्तिवाद टिकणारा नसतो.

संकन भाग ही न मागता मिळालेली पाण्याची टाकी आहे, हे धरूनच तिचे वॉटरप्रूफिंग करावे लागते. ते दोन पातळ्यांवर होते: एक थर खाली थेट स्लॅबवर आणि दुसरा भरावाच्या वर, टाइल्सच्या लगेच खाली. बहुतेक ठिकाणी पहिला थर कसाबसा होतो आणि दुसरा वगळला जातो. खरे तर दुसऱ्याला जास्त महत्त्व आहे, कारण तो पाणी भरावात उतरूच देत नाही. खालचा थर हा वरचा चुकला तर उपयोगी पडणारा राखीव बंदोबस्त.

काम स्लॅबपासून सुरू होते. पृष्ठभागावरचा सुटा मसाला, सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, तारा काढून स्लॅब धुतला जातो. मग कसलाही लेप न लावता त्यात दोन दिवस पाणी भरून ठेवायचे आणि खालून पाहायचे. जिथे ओल दिसते तिथे खडूने खूण करायची. बहुधा ती जागा मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळ राहिलेल्या काँक्रीटची किंवा पाइपाच्या छिद्राची असते. पोकळ काँक्रीट टणक भाग लागेपर्यंत छिन्नीने काढून, न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घेतात. हे आधी केले नाही, तर पुढचा महागडा लेपही कमकुवत पायावर बसतो. लेप पाणी अडवतो, पण हलणारी भेग सांधत नाही.

सर्वांत दगाबाज जागा असते ती पाइप भिंतीतून किंवा स्लॅबमधून बाहेर पडतो ती. पीव्हीसी पाइप गुळगुळीत असतो. सिमेंट त्याला धरत नाही आणि वाळताना मसाला आकसला की पाइपाभोवती केसाएवढी फट राहते. जाणता प्लंबर त्या भागापुरता पाइप सँडपेपरने खरवडतो, त्यावर पाइपचे सोल्युशन लावतो आणि ते ओले असतानाच कोरडी वाळू टाकतो. वाळू चिकटून पाइपाला खरखरीत अंग येते आणि मग ग्राउट त्याला घट्ट पकडते. दोन मिनिटांचे काम, पण साइटवर ते क्वचितच होताना दिसते. भिंतीतून आरपार जाणारे सगळे पाइप लेपाच्या आधी बसलेले हवेत. लेप पूर्ण झाल्यावर प्लंबरने नवे छिद्र पाडले, तर सगळी मेहनत फुकट जाते.

स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात वाटा करतात, म्हणजे मसाल्याने काटकोन बुजवून गोलाई देतात. सुमारे दोन इंचांची वाटा पुरते. काटकोनात लेप पातळ होतो आणि तिथेच फाटतो. वाटा सुकली की तिच्यावरून फायबरच्या जाळीची पट्टी दोन लेपांच्या मध्ये बसवतात. लेप म्हणून आज घराघरात वापरला जातो तो पॉलिमर आणि सिमेंटचा. डब्यावर दिलेल्या प्रमाणातच तो कालवावा; ब्रश सहज फिरावा म्हणून त्यात पाणी टाकण्याची कारागिरांची सवय लेपाचा जीव काढते. पृष्ठभाग ओलसर हवा, पण त्यावर पाणी साठलेले नको. पहिला हात एका दिशेने, मग चार-सहा तासांनी दुसरा हात त्याला आडव्या दिशेने. लेप खड्ड्याच्या चारही बाजूंनी वर चढून खोलीच्या स्लॅबच्या पातळीपर्यंत आला पाहिजे. दाराच्या बाजूला तो उंबऱ्याखालून पुढे वळवतात. हा वळसा चुकला तर छत कोरडे राहते, पण बेडरूममध्ये दाराच्या चौकटीचा पाय कुजतो आणि भिंतीचे पोपडे सुटतात.

लेप वाळला की त्यात पाणी भरून बहात्तर तास ठेवतात. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारतात आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्या आतही रेघ मारतात. बादलीतले पाणी जेवढे आटले त्याहून खड्ड्यातले जास्त उतरले, तर कुठेतरी वाट आहे. चाचणी जमली की लेपावर पाऊण इंच जाडीचा प्लास्टर करतात, नाहीतर भराव टाकताना विटेच्या कडा लेपात घुसतात.

खालच्या थराच्या सर्वांत सखल जागी एक बारीक पीव्हीसी नळी बसवून तिचे तोंड बाहेर डक्टमध्ये काढण्याची पद्धत आहे. तिला स्पाउट म्हणतात. काही इंजिनिअर तिच्या विरोधात असतात, कारण स्लॅबला जाणूनबुजून छिद्र पाडणे त्यांना पटत नाही. हा आक्षेप रास्त आहे, पण नळी नीट ग्राउट केलेली आणि तोंडाला जाळी लावलेली असेल, तर तिचा फायदा जास्त. भरावात पाणी साठण्याऐवजी ते बाहेर दिसते आणि स्पाउटमधून थेंब पडू लागले की वरचा थर चुकल्याचे खालच्या घराचे छत खराब होण्याआधीच कळते.

भरावासाठी भाजलेल्या विटांचे स्वच्छ तुकडे पाण्यात भिजवून, सिमेंटच्या मसाल्यात बसवलेले चांगले. साइटवरचा राडारोडा टाकला तर त्यातली माती, लाकूड आणि चुना ओल धरून ठेवतात. कोळशाची राख हलकी असते म्हणून पूर्वी वापरली जात असे, पण तिच्यातला गंधक लोखंडाला खातो. आधी पाइपांत पाणी भरून सांधे तपासायचे, मगच भराव टाकायचा.

भरावावर नहाणी ट्रॅपच्या दिशेने उतार देऊन कोबा करतात. साधारण शंभर इंचाला एक इंच उतार पुरतो. या कोब्यावर दुसरा लेप येतो, जो सर्व भिंतींवर एक फूट आणि शॉवरच्या भिंतीवर सहा फूट चढवतात. ट्रॅपपाशी लेप थांबवायचा नसतो, तो ट्रॅपच्या कडेवरून आत उतरवायचा असतो. टाइल्सच्या सांध्यांतून थोडे पाणी आत जातेच. ते लेपावरून वाहत ट्रॅपमध्येच पडले पाहिजे, म्हणून ट्रॅपच्या वरच्या तुकड्याला टाइल्सच्या खालच्या पातळीवर बारीक छिद्रे ठेवतात. बरेच कारागीर हीच जागा सिमेंटने बुजवून टाकतात. मग पाणी टाइल आणि लेपाच्या मध्ये अडकते, सांध्यांना पांढरा लोणा येतो आणि कितीही घासले तरी तो परत उमटतो. लेपानंतर पुन्हा ट्रॅपला बूच लावून एक इंच पाणी अठ्ठेचाळीस तास ठेवतात. मगच टाइल्स.

जुन्या घरात गळती झाली की आधी पाण्याचे मूळ शोधावे लागते. छतावर चोवीस तास सारखेच ठिबकत असेल, तर संशय नळाच्या दाबाच्या पाइपावर. तो बंद करून प्रेशर पंपाने तपासता येतो. अंघोळीनंतर ओल वाढत असेल, तर टाइल्सचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप. संडासाच्या वापराबरोबर वाढत असेल, तर भांड्याचा सांधा. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून दोन दिवस छताकडे पाहणे हा स्वस्त उपाय आहे, मात्र भराव पाण्याने भरलेला असेल तर रंग उतरायला वेळ लागतो.

दुरुस्तीत बहुतेक जण आधी टाइल्सचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून पाहतात. गळती फक्त सांध्यांतून असेल आणि खालचे पाइप शाबूत असतील, तर ते पुरते. भराव आधीच भरलेला असेल, तर तो कोरडा होईपर्यंत काही आठवडे धीर धरावा लागतो. खालच्या घरातून छताला छिद्रे पाडून पॉलियुरेथेन ग्राउट भरले, तर पाणी तिथे थांबून दुसरीकडून निघू शकते. तो तात्पुरता अडसर आहे. छताला नुसती पुट्टी आणि रंग लावणे हा इलाज नव्हेच. स्लॅबच्या सळ्यांवर काँक्रीटचे कवच साधारण वीस मिलिमीटरचे असते; ओल टिकली की सळ्या गंजून फुगतात आणि कवच सुटून पडते. छतावरचा तुकडा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर वॉटरप्रूफिंगपूर्वी स्लॅबची दुरुस्ती करावी लागते.

पाइपच फुटला असेल किंवा वरचा थर मुळातच नसेल, तर खड्डा पूर्ण उकरण्याला पर्याय नाही. पाच बाय सातच्या बाथरूममधून सुमारे दीड टन माल निघतो, तो ओला असेल तर आणखी जास्त. म्हणून तो पोत्यांत भरून लगेच खाली उतरवावा, शेजारच्या खोलीच्या स्लॅबवर ढीग रचू नये. हा खर्च कोणाचा, यावर सोसायट्यांत हमखास वाद होतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाने.