पसंतीचा आकडा मोठा, म्हणून वेबसाईट खरी का?



सौर कृषी पंपाच्या चौकशीला येणारे शेतकरी हल्ली मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "साहेब, हे पान बघा, याला ऐंशी हजार लोक आहेत. एवढे लोक काय वेडे आहेत का?" लोक वेडे नाहीत. पण तो ऐंशी हजाराचा आकडा नेमका कशाचा आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्या पानावरून पुढे जाऊन पैसे भरू नयेत.

पीएम-कुसुम योजना 2019 साली सुरू झाली. महाराष्ट्रात सौर पंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीचा 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्केच हिस्सा भरावा लागतो. एवढी मोठी सवलत म्हटल्यावर लबाड माणसे जागी झालीच. योजनेच्या नावाने खोट्या वेबसाईट निघाल्या. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार इशारे द्यावे लागले आणि त्यात काही खोटे पत्ते नावानिशी छापावे लागले. `pmkisankusumyojana.co.in` आणि `kusumyojanaonline.in.net` हे त्यातलेच. नाव बघा, पीएम आहे, किसान आहे, कुसुम आहे, योजना आहे. नाही ते फक्त सरकार.

आता आकड्याकडे वळू. वणीच्या यात्रेत औषधवाल्याभोवती गर्दी जमते आणि पहिली बाटली गर्दीतलाच एक जण झटकन विकत घेतो. तो त्याचाच माणूस असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर हाच धंदा घाऊक चालतो. जुलै 2020 मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने खोटे फॉलोअर विकणाऱ्यांवर कारवाई केली. एका गायिकेच्या नावाने खोटे खाते उघडल्याच्या तक्रारीतून तो तपास सुरू झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 साली, युरोपातील नाटो संघटनेशी संलग्न एका संशोधन केंद्राने मुद्दाम प्रयोग म्हणून 300 युरो खर्च केले. त्या वेळच्या दराने ही रक्कम पंचवीस हजार रुपयांच्या आत होती. तेवढ्यात 25,750 लाईक, 5,100 फॉलोअर, 3,530 शेरे आणि 20,000 वेळा पाहिल्याची नोंद विकत मिळाली. चार आठवड्यांनंतरही पाचांपैकी चार खोट्या नोंदी जागेवर होत्या. ज्याला एका शेतकऱ्याकडूनच दहा-वीस हजार उकळायचे आहेत, त्याला हा खर्च काहीच नाही.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे, कारण त्यात माणसे खरी असतात. कोणी देवाच्या फोटोंचे किंवा कांद्याच्या बाजारभावाचे पान चालवतो. रोज लासलगावचा भाव टाकतो. लोक विश्वासाने जोडले जातात. मग ते पान विकले जाते आणि नवा मालक त्याचे नाव बदलून "सौर पंप नोंदणी" असे करतो. फॉलोअर तेच राहतात. त्यांनी पसंती दिली होती ती कांद्याच्या भावाला, पंपाला नव्हे.

आणि समजा सगळे लाईक खरे आहेत, पंपाच्याच जाहिरातीला दिलेले आहेत. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. माणूस लाईक देतो ते वाचताक्षणी. पंप आला का, हे कळते काही महिन्यांनी. नव्या वाणाचा बांधावरचा फोटो बघून मान डोलावणे वेगळे आणि काढणीनंतर वजनकाट्यावर बघणे वेगळे. फसलेला माणूस परत जाऊन आपला लाईक काढत बसत नाही, आणि त्याने रागाचा चेहरा दाबला तर तोही फेसबुकच्या एकूण बेरजेतच धरला जातो. त्याने खाली "पैसे बुडाले" असे लिहिले, तर पानाचा मालक ते लिखाण झाकून टाकू शकतो. म्हणजे नाराजांची संख्या बाहेर दिसतच नाही.

शिवाय पान एकीकडे आणि वेबसाईट दुसरीकडे असते. लाईक मिळतात फेसबुकच्या पानाला, पैसे जातात त्याने दिलेल्या दुव्यावरच्या वेबसाईटला. त्या वेबसाईटची तपासणी त्या ऐंशी हजारांपैकी कोणीही केलेली नसते.

मग तपासायचे कसे? त्या ऐंशी हजारांच्या पानाचेच उदाहरण घेऊ. पानाच्या माहितीत जाऊन "पेज ट्रान्सपरन्सी" उघडा. पान कधी सुरू झाले, आधी त्याची नावे काय होती आणि बऱ्याचदा ते चालवणारे कोणत्या देशात आहेत, हे तिथे दिसते. पूर्वीचे नाव "भक्तिसागर" आणि आताचे "सौर पंप", असे दिसले की तिथेच थांबावे. मग शेवटच्या आठ-दहा मजकुरांखालचे शेरे वाचा. फॉलोअर ऐंशी हजार आणि खाली सात शेरे, तेही "छान माहिती" एवढेच, तर संशय घ्यावा. खऱ्या शेतकऱ्यांच्या गर्दीत कोणीतरी विचारतोच की, माझ्या विहिरीला पाणी कमी आहे, तीनची मोटर बसवू की पाचची?

त्यानंतर वेबसाईटचा पत्ता उजवीकडून डावीकडे वाचा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग संपतो कुठे, हे पाहायचे. मंत्रालयाचा खरा पत्ता `pmkusum.mnre.gov.in` आहे. त्याच्या शेवटी `gov.in` आहे, आणि हे शेपूट सरकारी कार्यालयांनाच मिळते. `co.in`, `org.in`, `.com` ही शेपटे वर्षाला काही शेकडा रुपये भरून कोणीही घेऊ शकतो. वरच्या दुसऱ्या खोट्या पत्त्यात `in` दिसते खरे, पण पत्ता संपतो `net` वर. घाईत नजर `in` वरच थांबते, आणि त्यांना तेच हवे असते.

मात्र ही खूण सगळीकडे लागू पडत नाही. महावितरणचा खरा पत्ता `mahadiscom.in` आहे आणि महाऊर्जाने कुसुमसाठी वापरलेले पोर्टल `kusum.mahaurja.com` आहे. दोन्हींत `gov` नाही. (हा गोंधळ सरकारनेच मिटवला तर आमचे अर्धे काम हलके होईल.) म्हणून अशा वेळी फेसबुकवरच्या दुव्यावर बोट न ठेवता आपल्या वीजबिलावर छापलेला पत्ता बघून स्वतः टाईप करावा, किंवा महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारावे. कार्यालयाच्या पानाला लाईक दोनशेच असतील. सरकारी पानावर कोण करमणुकीला जातो?

आणि पैशाचे एक कायम लक्षात असू द्या. लाभार्थी हिस्सा कोणाच्या खाजगी मोबाईल नंबरवर किंवा व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर भरायचा नसतो. "आज रात्रीपर्यंत भरा, कोटा संपतोय" असा फोन आला तर फोन ठेवून द्या.

पैसे गेलेच असतील तर लाजून घरी बसू नका. ताबडतोब 1930 वर फोन करा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे निघायच्या आत कळवले तर बँकेला ते रोखता येतात, दुसऱ्या दिवशी ते दहा खात्यांत वाटले गेलेले असतात. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यावर पैसे गेले ते नाव हाताशी ठेवा. त्या पानाचे व वेबसाईटचे फोटो आधी काढून ठेवा, कारण बोभाटा झाला की ते पान रातोरात नाव बदलते. तक्रार `cybercrime.gov.in` वरही नोंदवता येते. हा पत्ता कोठे संपतो, ते आता तुम्हीच पाहून घ्या.