नऊशे शब्दांचा अहवाल, जागा चारशेची

ताईंनो, शेळीपालनाच्या कर्जाचा वर्षाचा अहवाल ४०० शब्दांत द्या असं प्रभागसंघातून सांगितलं होतं. आमच्या गटाचा अहवाल झाला होता जवळपास ९००. घाईघाईत आम्ही कात्री लावली, आणि लावली ती नेमकी नको तिथे. म्हणून हा लेख.

आमची गोष्ट अशी. गटातल्या १० जणींनी दोन-दोन, म्हणजे २० शेळ्या घेतल्या. त्यातल्या ८ फेब्रुवारीत गावातूनच घेतल्या. उरलेल्या जणींचं कर्ज उशिरा आलं, त्यांनी १२ शेळ्या जुलैत बाजारातून आणल्या. वर्षअखेर ५ शेळ्या मेलेल्या होत्या. पुढचं कर्ज एप्रिलमध्येच मिळावं, अशी आमची मागणी होती.

पहिल्यांदा कमी करताना स्वागत, आभार, कोण कोण उपस्थित होतं ते सगळं तसंच राहिलं. ते काढायला मन धजत नाही! शेळ्यांचा भाग मात्र एवढाच उरला: “एकूण २० शेळ्यांपैकी ५ मेल्या. पुढचे कर्ज एप्रिलमध्ये मिळावे.” शब्द नऊच. पण शेजारच्या गटातल्या एका ताईंनी वाचून विचारलं, “शेळ्या मेल्या तर कर्ज लवकर कशाला गं?” त्यांचं बरोबर होतं. आकडा राहिला, मागणी राहिली, दोन्हींना जोडणारं कारण गेलं.

मग आम्ही मूळ अहवाल बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या: काय झालं, ते कशावरून म्हणतो, आणि काय मागतो. मूळ अहवालातलं प्रत्येक वाक्य वाचून विचारायचं, हे काढलं तर या तिन्हींपैकी काही लटकं पडतं का? पडत असेल तर वाक्य ठेवायचं, नाहीतर काट मारायची. सत्काराचा अख्खा परिच्छेद असाच गेला. बारा महिन्यांच्या बैठकांच्या तारखाही गेल्या, कारण त्या इतिवृत्ताच्या वहीत आहेतच. शेळ्यांचा भाग उलट वाढला:

“फेब्रुवारीत गावातून घेतलेल्या ८ शेळ्यांना जूनच्या सुरुवातीला लस दिली होती, त्यातली एकही मेली नाही. जुलैत बाजारातून आणलेल्या १२ शेळ्यांना लस नव्हती. त्यातल्या ५ दीड महिन्यात मेल्या. कोणत्या रोगाने मेल्या याची तपासणी झाली नाही. पुढचे कर्ज एप्रिलमध्ये मिळाल्यास शेळ्या मे महिन्यात घेऊन पावसाआधी लस देता येईल.”

हे ४५ शब्द झाले. यात तपासणीचं वाक्य आधी एकीने खोडलं होतं, “आपलीच चूक कशाला सांगायची” म्हणून. ते आम्ही परत घातलं. त्या १२ शेळ्या बाजारातल्या होत्या, भर पावसात आल्या होत्या आणि त्यांना लसही नव्हती. यातलं नेमकं कशाने झालं ते आम्हाला ठाऊक नाही. ते वाक्य काढलं असतं तर लस नसल्यामुळेच शेळ्या मेल्या, असं आम्ही छातीठोक सांगतोय असं वाटलं असतं. तसंच “पैकी” सोडू नका. नुसत्या “५ मेल्या” यावरून काही कळत नाही. १२ पैकी ५ आणि ८ पैकी शून्य, हे शेजारी ठेवलं की कळतं.

आता उरलेले शब्द कुठून वाचले? कचेरीच्या भाषेतून. आमचं एक वाक्य होतं: “दिनांक ५ जुलै रोजी गटातील सर्व महिलांची बैठक घेण्यात आली व सदर बैठकीमध्ये शेळ्या खरेदी करण्याबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली व त्या नुसार बाजारातून शेळ्या खरेदी करण्यात आल्या.” मोजा, २८ शब्द. त्याचं झालं: “५ जुलैच्या बैठकीत ठरवून बाजारातून शेळ्या घेतल्या.” सात शब्द, आणि गेलं काहीच नाही. “करण्यात आली” दिसलं की “केली” लिहून बघा.

आणखी एक गंमत. वरच्या वाक्यात “त्या नुसार” असं तोडून लिहिलंय. मराठीत ते “त्यानुसार” असं जोडूनच लिहितात. “गटा मध्ये”, “शेळ्यां साठी” असं तोडून टाइप केलं की संगणक एकाचे दोन शब्द मोजतो. नुसतं शुद्ध लिहूनच आमचे बरेच शब्द कमी झाले. पण उगाच भलतेच शब्द चिकटवून मोजणीला फसवू नका, वाचणारीला ते वाचवत नाही.

शेवटी आकडे परत जुळवा. काटछाटीत आमच्याकडून एकदा ८ शेळ्यांचं वाक्यच गळालं आणि २० ची बेरीज लागेना. मग अहवाल त्याच शेजारच्या ताईंना दिला. त्यांना विचारलं, किती मेल्या, कुठल्या मेल्या आणि एप्रिल का? तिन्हींची उत्तरं त्यांनी कागद बघूनच दिली, तेव्हा अहवाल पाठवला. शब्द भरले ३९२.